साठ लाख, दोन प्रकल्प, एक दर: एनपीव्हीने तुलना करताना उत्तर का बदलतं

सावदा–रावेर रस्त्यालगत वीस गुंठे जागा, घरची केळी आणि साठ लाख रुपयांची तयारी. एवढं घेऊन दोघे भाऊ माझ्याकडे आले, तेव्हा दोघांच्या हातात वेगवेगळी वही होती. थोरल्यांच्या वहीत केळी पिकवणीचं केंद्र, म्हणजे रायपनिंग चेंबर, फायद्यात निघत होतं. धाकट्याच्या वहीत निर्यातीचं पॅक हाऊस पुढे होतं. नफ्याचे आकडे दोघांनी एकाच पानावरून उतरवले होते. मी दोन्ही वह्या ओळीओळीने तपासल्या, तर बेरीज-वजाबाकीत कुणाचंच चुकलं नव्हतं. काही रकमा धरण्या-न धरण्यात चुका होत्या, त्या पुढे येतील, पण उत्तर फिरवणारा फरक एकाच आकड्यात होता. वटाव दर, म्हणजे पुढे मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणताना वापरायचा वर्षाचा दर, थोरल्यांनी १२ टक्के धरला होता, धाकट्याने ७.

"भाऊ, गणित तर माझंही बरोबर आहे ना? मग उत्तर दोन कशी?" धाकट्याने विचारलं.

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो सोडवायचा रस्ता लांबलचक नाही. खाली तोच रस्ता टप्प्याटप्प्याने दिला आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या जागेत, तुमच्या केळीच्या भावात ते बदलतील. पद्धत मात्र बदलत नाही.

पहिला टप्पा: खरंच दोघांतून एकच निवडायचा आहे का, ते ठरवा

वीस गुंठ्यांत दोन्ही उभं राहत नव्हतं आणि बँकेची मर्यादाही एकाच प्रकल्पापुरती होती. म्हणजे एक घेतला की दुसरा सुटतो. असं नसेल, जागा आणि पैसा दोन्हींना पुरत असेल, तर तुलना करायची गरजच नाही. पुढची सगळी आवक आजच्या पैशात आणून त्यातून गुंतवणूक वजा केली की जे उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही. प्रत्येकाचं ते शून्याच्या वर येतं का तेवढं बघायचं, येत असेल तर दोन्ही करायचे.

दुसरं म्हणजे मुदत सारखी हवी. आम्ही दोन्हींना सहा वर्षं दिली आणि सहाव्या वर्षाच्या शेवटी यंत्रं, पॅनेल, क्रेट विकून जे येईल ते त्या वर्षाच्या रकमेत मिळवलं. एक प्रकल्प सहा वर्षांचा आणि दुसरा पंधरा वर्षांचा असेल तर नुसते एनपीव्हीचे आकडे समोरासमोर ठेवू नका, आधी दोन्हींचा वर्षाचा समान हप्ता काढावा लागतो. तो वेगळा विषय आहे.

दुसरा टप्पा: रोख आवक-जावक मांडा, नफा नव्हे

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण पुढची सगळी आकडेमोड याच रकान्यावर उभी असते.

पिकवणी केंद्र कसं चालतं ते आधी पाहू. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून बंद खोलीत ठेवायची, तापमान साधारण १६ ते १८ अंशांवर आणायचं, दमटपणा राखायचा, इथिलीन वायू मोजून सोडायचा. चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा होतो. व्यापारी क्रेटमागे भाडं देतो. भुसावळ, जळगाव, अकोल्याचा किरकोळ बाजार जवळ असल्याने पहिल्याच महिन्यापासून खोल्या भरतात. पण चेंबर उभारणं कुणालाही जमतं. शेजारच्या गावात दुसरं उभं राहिलं की भाडं उतरतं, आणि कॉम्प्रेसरची दुरुस्ती दरवर्षी वाढत जाते. म्हणून पिकवणीची आवक सुरुवातीला मोठी आणि मग उतरती.

पॅक हाऊस याच्या उलट. घडाच्या फण्या काढायच्या, चीक धुऊन काढायला पाण्याच्या टाकीत टाकायच्या, प्रतवारी करून खोक्यांत भरायच्या, प्रीकूलिंगमध्ये १३-१४ अंशांपर्यंत थंड करून रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये चढवायच्या. आखाती देशातला खरेदीदार पहिल्या वर्षी एखाद-दुसरा कंटेनर घेऊन बघतो. माल एकसारखा गेला, डाग नाहीत, वाटेत पिकला नाही, तर दुसऱ्या वर्षी वाढवतो. शेतकऱ्यांनाही फ्लोरेट म्हणजे केळीच्या टोकाची फुलं काढणं, घडाला स्कर्टिंग बॅग लावणं शिकवावं लागतं. आवक हळू येते, पण आली की टिकते.

साठ-साठ लाख घालून दोन्हींची रोख आवक आम्ही अशी मांडली, सगळे आकडे लाखांत:

| वर्ष | पिकवणी केंद्र | पॅक हाऊस |
|---|---|---|
| ० | −६० | −६० |
| १ | २४ | ४ |
| २ | २२ | ९ |
| ३ | १८ | १७ |
| ४ | १४ | २४ |
| ५ | १० | २८ |
| ६ | ८ | ३० |

नुसती बेरीज केली तर पिकवणी केंद्रातून ९६ लाख येतात, पॅक हाऊसमधून ११२.

हे आकडे लिहिताना धाकट्याच्या वहीत एक चूक होती, ती मी आधी काढून टाकली. त्याने दरवर्षीच्या आवकेतून बँकेचं व्याज वजा केलं होतं. व्याज वजा करायचं नाही. पैशाची किंमत आपण वटाव दरातून आकारतोच, वरून व्याजही कापलं तर ती दोनदा आकारली जाते. घसारासुद्धा वजा करू नका, कारण तो खिशातून जात नाही. साठ लाख पहिल्या दिवशी पूर्ण गेलेलेच आहेत.

जे वजा करायचं ते लोक विसरतात. थोरले स्वतः दिवसभर चेंबरवर उभे राहणार होते, पण त्यांचा पगार कुठेच नव्हता. तो धरला. क्रेट, खोके, पहिल्या दोन महिन्यांचं वीजबिल, निर्यातीचे अडकून राहणारे पैसे हेही सुरुवातीच्या साठ लाखांत घातले आणि जे परत मिळणारं आहे ते सहाव्या वर्षात जमा धरलं. जागा दोन्हीकडे तीच असल्याने तिचं भाडं दोन्ही रकान्यांत सारखंच कापलं आहे.

तिसरा टप्पा: प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या पैशात आणा

दर १२ टक्के असेल तर वर्षाने मिळणारा रुपया आज ८९ पैशांचा, कारण ८९ पैसे १२ टक्क्यांनी वाढवले की रुपया होतो. दोन वर्षांनी मिळणारा रुपया ८० पैशांचा, आणि सहा वर्षांनी मिळणारा जेमतेम ५१ पैशांचा. प्रत्येक वर्षाची रक्कम त्या-त्या वर्षाच्या गुणकाने गुणायची, सगळ्याची बेरीज करायची, त्यातून साठ वजा करायचे. उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य.

पॅक हाऊसचं १२ टक्क्यांवर संपूर्ण करून दाखवतो, म्हणजे कुठे काय होतं ते दिसेल. पहिल्या वर्षाचे ४ लाख आजचे ३.५७. दुसऱ्याचे ९ लाख, ७.१७. तिसऱ्याचे १७, १२.१०. चौथ्याचे २४, १५.२५. पाचव्याचे २८, १५.८९. सहाव्याचे ३० लाख मात्र १५.२० वर येतात, म्हणजे निम्म्याला घसरतात आणि पाचव्या वर्षाच्याही खाली जातात. बेरीज ६९.१९. साठ वजा केले की ९.१९ लाख.

पिकवणी केंद्राचं याच रीतीने १०.४० लाख येतं. थोरल्यांचं म्हणणं खरं ठरलं, १२ टक्क्यांवर पिकवणी केंद्र सव्वा लाखाने पुढे आहे.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर दर `B1` मध्ये, शून्य ते सहा वर्षांची पिकवणीची आवक `B2` ते `B8` मध्ये, पॅक हाऊसची `C2` ते `C8` मध्ये, आणि `D` रकान्यात `C` मधून `B` वजा केलेला फरक ठेवा:

```
=NPV(B1,B3:B8)+B2
=NPV(B1,C3:C8)+C2
=IRR(D2:D8)
```

इथली चूक ओळखून ठेवा. एक्सेल पहिल्या घरातली रक्कमही एक वर्षानंतरची समजतो. `B2` पासून सगळी ओळ एकदम घातली तर आज दिलेले साठ लाखही वर्षानंतर दिल्यासारखे वटवले जातात आणि १०.४० ऐवजी ९.२९ दिसतं. तुमच्या आकड्याला एक अधिक दर, म्हणजे १.१२ ने, गुणल्यावर हाताने काढलेलं उत्तर येत असेल, तर हीच चूक झाली आहे.

चौथा टप्पा: एका दरावर थांबू नका, दरांची शिडी करा

मी कधीच एका दरावरचं उत्तर अहवालात लिहीत नाही. ७ टक्क्यांपासून १६ पर्यंत दोन्ही प्रकल्प चालवून बघतो:

| दर | पिकवणी केंद्र | पॅक हाऊस |
|---|---|---|
| ७% | १९.४८ | २३.७४ |
| ८% | १७.५१ | २०.५२ |
| १०% | १३.८१ | १४.५६ |
| ११% | १२.०७ | ११.८० |
| १२% | १०.४० | ९.१९ |
| १४% | ७.२६ | ४.३३ |
| १६% | ४.३५ | −०.०७ |

ही शिडी डोळ्यासमोर ठेवली तेव्हा धाकटा गप्प झाला. ७ टक्क्यांवर त्याचं पॅक हाऊस सव्वाचार लाखांनी पुढे होतं, ते खोटं नव्हतं. पण दर ८ वरून १४ वर नेला की पिकवणी केंद्राचे सव्वादहा लाख कमी होतात आणि पॅक हाऊसचे सोळा लाखांहून जास्त. कारण दर वाढला की लांबच्या वर्षांवर घाव बसतो, जवळच्यांवर फारसा नाही. पहिल्या वर्षाच्या रुपयाची किंमत ८ टक्क्यांवर ९३ पैसे आहे, १४ वर ८८. सहाव्या वर्षाच्या रुपयाची ६३ पैशांवरून ४६ वर येते. ज्याचा पैसा शेवटच्या तीन वर्षांत आहे त्याला हा घाव भोगावा लागतो, ज्याचा पहिल्या तीन वर्षांत आला तो सुटतो.

दोन्ही प्रकल्प बरोबरीला कुठे येतात? `D` रकान्याचा आयआरआर, म्हणजे ज्या दरावर निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होतं तो दर, काढला तर सुमारे १०.७ टक्के येतो. मी त्याला बरोबरीचा दर म्हणतो. तुमचा खरा दर १०.७ च्या खाली असेल तर पॅक हाऊस, वर असेल तर पिकवणी केंद्र. आता सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: आपला दर या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे?

एक मोह इथे टाळा. प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा आयआरआर काढला तर पिकवणी केंद्राचा १९ टक्क्यांच्या थोडा वर आणि पॅक हाऊसचा १६ च्या आसपास येतो. ते बघून बरेच जण पिकवणी केंद्र निवडून मोकळे होतात. पण ८ टक्क्यांवर पॅक हाऊस तीन लाख जास्त देतं, ते आयआरआर सांगत नाही. तो टक्केवारी सांगतो, घरात किती रुपये वाढले ते नाही.

पाचवा टप्पा: दर कुठून आणायचा

धाकट्याचे ७ टक्के कुठून आले? बँक १० टक्क्यांनी कर्ज देणार होती. कृषी पायाभूत सुविधा निधी योजनेत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, जास्तीत जास्त सात वर्षं. दहातून तीन गेले, सात उरले. तो म्हणाला, "पैसा मला सातनेच पडतोय, मग सातच धरायचा."

मला हे समजावायला वेळ लागला, कारण त्याचा मुद्दा ऐकायला अगदी सरळ वाटतो. पण साठांपैकी कर्ज छत्तीसच लाखांचं होतं. उरलेले चोवीस लाख घरचे. ते केळीचे, ठिबकच्या जागी नवीन लाइन टाकायला ठेवलेले, थोडे भुसावळच्या नातेवाइकांच्या दुकानात गुंतवलेले. त्या पैशाला तर कुणी ३ टक्के सवलत देत नाही.

दर विचारतो तो प्रश्न असा आहे: हे साठ लाख इथे घातले नाहीत, तर इतक्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात ते किती कमावतील? बँकेच्या ठेवीचा दर यासाठी चालत नाही, कारण ठेव सहसा बुडत नाही, निर्यातीचा कंटेनर बंदरात अडकू शकतो. गावात शेकडा दोन रुपये महिन्याने सावकारी चालते, तो २४ टक्क्यांचा दरही चालत नाही, कारण त्या दराला पैसा देणारा भाऊबंद सगळे पैसे वसूल करतोच असं नाही, आणि एवढी मोठी रक्कम त्या दराने कुणी सलग सहा वर्षं घेतही नाही.

आम्ही घरच्या चोवीस लाखांचा दर १५ टक्के ठरवला. थोरल्यांनी गेल्या काही वर्षांत केळीत आणि व्यापारात स्वतःच्या पैशावर साधारण तेवढं सोडवलं होतं, ते त्यांच्या वहीतून दिसत होतं. मग मिश्रण सोपं आहे: छत्तीस लाख १० टक्क्यांवर, चोवीस लाख १५ वर. साठ टक्के वाटा दहाचा म्हणजे ६, चाळीस टक्के वाटा पंधराचा म्हणजे ६. बेरीज १२.

आणि ती ३ टक्के सवलत? ती खरी आहे, सोडायची नाही. पहिल्या वर्षी छत्तीस लाखांवर एक लाख आठ हजार वाचतात, पुढे कर्ज फिटेल तसे कमी. पण ती सवलत पिकवणी केंद्रालाही मिळते आणि पॅक हाऊसलाही, कर्ज तितकंच आणि मुदतही तीच. म्हणजे ती दोन्ही पारड्यांत सारखी पडते आणि क्रम बदलत नाही. तिचं मूल्य वेगळ्या ओळीत लिहायचं. ती दरात घुसवली की उशिरा येणारा प्रकल्प फुकट मोठा दिसतो, आणि धाकट्याच्या वहीत नेमकं तेच झालं होतं.

सहावा टप्पा: दर आणि आवक एकाच जातीचे आहेत का ते तपासा

हा टप्पा कुणी वगळू नका, कारण यातली चूक नुसत्या नजरेने दिसत नाही.

थोरल्यांना मी विचारलं, "नाना, सहाव्या वर्षाची मजुरी कोणत्या भावाने धरली? आजच्या की तेव्हाच्या?" त्यांनी वही उलटून पाहिली. भाडं, मजुरी, वीज, सगळं दरवर्षी थोडं वाढवत नेलेलं होतं. मग ठीक. महागाई आवकेत आली आहे आणि बँकेच्या १० टक्क्यांतही महागाई असतेच, म्हणून १२ हा दर जुळतो.

पण समजा हेच आकडे आजच्या भावाने लिहिलेले असते. मग त्यांना १२ टक्क्यांनी वटवणं चूक. महागाई ५ टक्के धरली तर १.१२ ला १.०५ ने भागायचं, दर ६.७ टक्के येतो, आणि त्या दरावर पॅक हाऊस सरळ पुढे जातं. एकाच घरात, एकाच खऱ्या परिस्थितीत, फक्त भाव आजचे लिहिले आणि दर उद्याचा घेतला तर उशिरा येणारा प्रकल्प उगाच पडतो. हे ओळखायची खूण एकच: आवकेच्या रकान्यात दोन वर्षांची मजुरी शेजारी ठेवून बघा. सारखीच असेल तर भाव आजचे आहेत.

कराचंही तसंच. आमचे आकडे कर भरण्याआधीचे, म्हणून व्याजदरही पूर्ण १० घेतला आणि घरच्या पैशाचे १५ टक्केही कराआधीचेच. तुमच्या सीएने कर वजा केलेली आवक दिली तर दोन्ही दर करानंतरचे घ्यावे लागतील. ३० टक्के कर भरणाऱ्या फर्मला १० टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात ७ ला पडतं. अर्धं आधीचं, अर्धं नंतरचं असं करू नका. आमच्या उदाहरणात फक्त कर्जाचा दर ७ केला आणि बाकी काही बदललं नाही, तर मिश्र दर १०.२ येतो आणि निकाल बरोबरीच्या रेषेपलीकडे उडी मारतो.

सातवा टप्पा: जोखीम कुठे ठेवायची

धाकट्याने मग उलट बाजू मांडली. "निर्यातीत जोखीम जास्त, म्हणून पॅक हाऊसला दर १४ लावा असं तुम्ही म्हणाल." मी ते करत नाही. जोखमीची शिक्षा दरातून दिली की ती चक्रवाढीने वाढते: सहाव्या वर्षाला सगळ्यात मोठी, पहिल्या वर्षाला नाममात्र. पॅक हाऊसची खरी जोखीम नेमकी उलट आहे. पहिली दोन वर्षंच कठीण. खरेदीदार एकदा बसला की पुढचा रस्ता बराच सरळ.

म्हणून जोखीम आवकेत लिहा. वैशाखातल्या वादळाने बागा आडव्या पडल्या, किंवा पहिल्या कंटेनरमधला माल वाटेत पिकून गेला, तर काय होईल? आम्ही धरलं की सगळी आवक एक वर्ष पुढे सरकेल. १२ टक्क्यांवर पॅक हाऊसचं ९.१९ चं एकदम १.७७ होतं. साडेसात लाख एका वर्षाच्या उशिरात गेले. दर ११ की १२ यावर अर्धा तास घालवला होता, त्यात पॅक हाऊसचा फरक अवघ्या २.६१ लाखांचा होता.

आता निकालाकडे बघू. १२ टक्क्यांवर पिकवणी केंद्र १.२२ लाखाने पुढे आहे, साठ लाखांच्या कामात. पॅक हाऊसच्या सहाव्या वर्षात ३० ऐवजी ३२.४ लाख आले तरी दोन्ही बरोबर होतात. सहा वर्षांनंतरची आवक अडीच लाखांच्या अंतराने कुणी सांगू शकत नाही, मीही नाही. म्हणून माझ्या अहवालात मी "पिकवणी केंद्र श्रेष्ठ" असं लिहिलं नाही. १० ते १२ टक्क्यांच्या पट्ट्यात दोन्ही सारखे आहेत आणि दराने यांचा निकाल लागत नाही, असं लिहिलं.

मग निकाल कशाने लागतो? पॅक हाऊसच्या पहिल्या वर्षाच्या त्या ४ लाखांनी. दुसऱ्या निर्यातदाराचा माल भाड्याने पॅक करून देण्याचं काम पहिल्या वर्षी मिळालं आणि ४ चे १२ झाले, तर पॅक हाऊसमध्ये आजच्या पैशात ७.१४ लाखांची भर पडते आणि ते १६.३३ वर जातं. मग १२ टक्क्यांवरही ते पिकवणी केंद्राच्या जवळजवळ सहा लाख पुढे असेल. ते काम नाही मिळालं आणि वरून एक वर्ष उशीर झाला, तर पिकवणी केंद्र साडेआठ लाखांहून अधिक पुढे.

थोरल्यांनी वही मिटली आणि धाकट्याला म्हणाले, "तू आधी त्या निर्यातदाराकडून लिहून आण. पहिल्या वर्षी किती खोके, कोणत्या भाड्याने. तोंडी नको."

बँकेला द्यायच्या अर्जात पहिल्या वर्षाची ओळ रिकामी ठेवून आम्ही तो पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवला.